बुबुळाच्या वरचा पांढरा पट्टा

फोटोत एखादा माणूस डोळे वटारून पाहतोय असं वाटलं, तर त्याच्या वरच्या पापणीची कड कुठे आहे ते बघा. साधारणपणे ही पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. समोर सहज पाहतानाही बुबुळाच्या वर पांढरा पट्टा दिसत असेल, तर पापणी वर ओढली गेली आहे. थायरॉइड ग्रंथी जादा काम करू लागली की असं होऊ शकतं. वाढलेल्या हार्मोनमुळे पापणी उचलणारा एक छोटा स्नायू सतत ताणलेला राहतो. हार्मोन ताब्यात आलं की ही रोखलेली नजर बरेचदा निवळते.

डोळा खरोखर पुढे येणं मात्र वेगळं. ते ग्रेव्हज आजारात होतं. यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडला डिवचते आणि डोळ्यामागच्या स्नायूंवर आणि चरबीवरही उलटते. तिथे सूज येते. भोवती हाडाची खोबण असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते, मग डोळाच पुढे ढकलला जातो. याचा हिशोब थायरॉइडशी जुळेलच असं नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या पत्नी बार्बरा यांचं उदाहरण घ्या. 1989मध्ये त्यांना ग्रेव्हज असल्याचं निदान झालं. किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइड शांत केली, तरी डोळ्यांचा त्रास थांबेना. स्टेरॉइड द्यावं लागलं, पुढे डोळ्यांमागच्या भागावर किरणोपचारही झाले. (1991मध्ये खुद्द बुश यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि त्यांनाही ग्रेव्हजच निघाला, हा योगायोग डॉक्टरांनाही चक्रावून गेला.) आयोडीनच्या या उपचाराने डोळे कधीकधी अधिक बिघडतात, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांचे. म्हणून तो ठरवण्याआधी डोळे तपासून घेतात.

एकाच फोटोवर भिस्त ठेवू नये. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचे डोळे मुळातच मोठे दिसतात, आणि एक पापणी खाली आलेली असेल तर दुसरा डोळा उगाच वटारलेला वाटतो. डॉक्टर चार-पाच वर्षांपूर्वीचे फोटो मागतात ते याचसाठी. पासपोर्टचा फोटो यासाठी उत्तम, कारण त्यात नजर सरळ असते आणि हसू नसतं. दोन फोटोंत पांढरा पट्टा नव्याने दिसला, जोडीला वजन उतरत असेल, छातीत धडधड होत असेल, हात थरथरत असतील, तर रक्ताची टीएसएच, टी-३, टी-४ तपासणी करून घ्यावी. जादा थायरॉइडमध्ये टीएसएच सहसा खूप खाली गेलेलं असतं. पण डोळे बाहेर आलेत आणि रिपोर्ट नॉर्मल, असंही घडतं. तेव्हा ग्रेव्हजच्या अँटिबॉडीची वेगळी तपासणी लागते. एकच डोळा पुढे आला असेल, तर मागे गाठ नाही ना, हे स्कॅनने पाहतात.

एकाचे दोन दिसू लागले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लवकर जावं. लाल रंग फिका वाटू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी, कारण सूज डोळ्याच्या नसेला दाबत असू शकते.