तीन फंड, तीन पहिले नंबर

म्युच्युअल फंडाच्या फॅक्टशीटवर परताव्याच्या खाली बारीक अक्षरांत काही आकडे असतात: स्टँडर्ड डेव्हिएशन, बीटा, शार्प. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने इक्विटी योजनांना इन्फर्मेशन रेशोही वेबसाइटवर जाहीर करायला सांगितलं, त्यामुळे ही रांग आणखी लांबली. बहुतेक जण त्यातला शार्प बघतात, ज्याचा मोठा तो फंड चांगला असं ठरवतात आणि पुढे जातात. एकाच जातीच्या दोन फंडांपुरतं हे चालून जातं. फंडांची जोखीमच निरनिराळ्या प्रकारची असेल तर मात्र हिशेब फसतो. तो कसा, हे काल्पनिक पण एकमेकांशी जुळणारे आकडे घेऊन पाहू.

समजा, बाजाराचा निर्देशांक वर्षाला सरासरी १२ टक्के देतो आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीच्या वरखाली होण्याचं माप, १५ टक्के आहे. बिनजोखमीचा दर ६ टक्के धरू. (भारतीय फॅक्टशीटमध्ये त्यासाठी बहुधा ओव्हरनाइट मायबॉर घेतात.) आता तीन फंड. लार्जकॅप फंडाने १३ टक्के दिले. तो निर्देशांकाच्या मागोमाग चालतो, बीटा १, एकूण चढउतार १५.१ टक्के. एकाच क्षेत्रावर भिस्त ठेवणाऱ्या थीमॅटिक फंडाने १६ टक्के दिले. त्याचाही बीटा १ आहे, पण चढउतार २५ टक्के. तिसरा हायब्रिड: निम्मे शेअर, निम्मे रोखे, परतावा १०.२५ टक्के, बीटा ०.५, चढउतार ८.५ टक्के.

शार्पचा प्रश्न साधा आहे. बिनजोखमीच्या दरापेक्षा जास्त जे मिळालं, त्याला एकूण चढउताराने भागायचं. हायब्रिडचे ४.२५ भागिले ८.५, म्हणजे ०.५०. लार्जकॅपचे ७ भागिले १५.१, म्हणजे ०.४६. थीमॅटिकचे १० भागिले २५, म्हणजे ०.४०, निर्देशांकाचाही शार्प नेमका तेवढाच. हायब्रिड पहिला, थीमॅटिक शेवटी.

विल्यम शार्प यांनी हे माप १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ३४ फंडांवर वापरून दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी जॅक ट्रेनर यांनी दुसरं माप मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं: गुंतवणूकदाराकडे भरपूर विखुरलेली गुंतवणूक असेल, तर एखाद्या फंडाचे खासगी हेलकावे इतरांच्या हेलकाव्यांत विरून जातात. उरते ती सगळ्या बाजाराबरोबर हलण्याची जोखीम, म्हणजे बीटा. म्हणून भागायचं ते बीटाने. आता थीमॅटिकचे १० भागिले १, म्हणजे १०. हायब्रिडचे ४.२५ भागिले ०.५, म्हणजे ८.५. लार्जकॅपचे ७. शेवटचा फंड पहिला झाला आणि आकडा कुठलाच बदलला नाही.

दोघांचंही बरोबर आहे. निवृत्तीची सगळी पुंजी एकाच फंडात ठेवणाऱ्याला २५ टक्क्यांचे हेलकावे पुरतेच सोसावे लागतात. त्याच्यासाठी शार्प खरा. ज्याचे पैसे आधीच दहा ठिकाणी आहेत आणि त्यात अकरावा तुकडा टाकायचा आहे, त्याच्यासाठी ट्रेनर. म्हणजे फंडाचा नंबर काही अंशी ठरतो, तो आपले उरलेले पैसे कुठे आहेत त्यावर.

पण ट्रेनरची एक गोम आहे. तो फक्त बीटाकडे बघतो आणि बीटा स्वतःच एक अंदाज असतो. आपल्या थीमॅटिक फंडाच्या हालचालींपैकी जेमतेम ३६ टक्के बाजारामुळे घडतात. फॅक्टशीटवर आर-स्क्वेअर दिला असेल तर तो ०.३६ दिसेल. अशा फंडाचा बीटा तीन वर्षांच्या मासिक आकड्यांवरून काढला, तर त्यात सहज ०.२२ची चूक निघू शकते. बीटा १ ऐवजी १.२२ निघाला की ट्रेनर ८.२ होतो, हायब्रिडच्या खाली, ०.७८ निघाला की १२.८. सोन्याच्या फंडाचा बीटा तर शून्याच्या आसपास असतो. तिथे भागाकार इतका फुगतो की आकड्याला अर्थच उरत नाही.

इन्फर्मेशन रेशोचा प्रश्न तिसराच. फंडाने स्वतःच्या बेंचमार्कपेक्षा किती जास्त दिलं, आणि ते देताना बेंचमार्कपासून किती भरकटला? या भरकटण्याला ट्रॅकिंग एरर म्हणतात. लार्जकॅपने निर्देशांकापेक्षा १ टक्का जास्त दिला, ट्रॅकिंग एरर २ टक्के, म्हणून ०.५०. थीमॅटिकने ४ टक्के जास्त दिले, पण भरकटला २० टक्के, म्हणून ०.२०. ट्रेनरच्या रांगेत शेवटी असलेला लार्जकॅप इथे सगळ्यांच्या पुढे.

हा नंबर किती खरा, ते पडताळता येतं. निर्देशांकात ९० टक्के आणि थीमॅटिकमध्ये १० टक्के ठेवले, तर ट्रॅकिंग एरर २ टक्के होतो, लार्जकॅपइतकाच. पण निर्देशांकावर मिळणारी जादा कमाई असते केवळ ०.४ टक्का. तेवढ्याच भरकटण्यात लार्जकॅप १ टक्का देतो. ट्रेनरने ज्याला पहिलं ठेवलं, तो निर्देशांकाला जोडून घेतल्यावर मागे पडला, कारण त्याचे खासगी हेलकावे विरून जायला त्यातला हिस्सा फार छोटा ठेवावा लागतो. ट्रेनर यांना ही उणीव दिसत नव्हती असं नाही. फिशर ब्लॅक यांच्यासोबत १९७३ मध्ये त्यांनीच असा हिशेब मांडला, ज्यात जादा परताव्याला उरलेल्या खासगी जोखमीने भागतात.

हायब्रिडचं काय? निर्देशांकाशी तुलना केली तर तो १.७५ टक्के मागे आहे, ट्रॅकिंग एरर ८.५, रेशो उणे ०.२१. पण निम्मे रोखे बाळगणाऱ्या फंडाची तुलना निव्वळ शेअर निर्देशांकाशी का करायची? निम्मा निर्देशांक आणि निम्मा बिनजोखमीचा दर असा बेंचमार्क घेतला, तर त्याचा परतावा ९ टक्के. आता फंड १.२५ टक्के पुढे, ट्रॅकिंग एरर ४, रेशो ०.३१. शेवटून थेट दुसरा. इन्फर्मेशन रेशो वाचताना बेंचमार्कचं नाव आधी वाचावं लागतं, ते यासाठी. उणे रेशोंची क्रमवारी तर लावूच नये: तेवढ्याच तोट्यात जो फंड जास्त भरकटला, त्याचा रेशो शून्याच्या अधिक जवळ, म्हणजे दिसायला बरा येतो.

आणखी एक हिशेब फॅक्टशीटवर नसतो. जादा परतावा निव्वळ नशिबाचा नाही असं नेहमीच्या ९५ टक्के खात्रीने म्हणायचं, तर इन्फर्मेशन रेशोला वर्षांच्या वर्गमुळाने गुणून उत्तर साधारण २ तरी यावं लागतं. लार्जकॅपच्या ०.५०ला त्यासाठी १६ वर्षांची कामगिरी हवी. थीमॅटिकच्या ०.२०ला १०० वर्षं लागतील. छापून येतात ते मात्र बहुधा तीन वर्षांचे आकडे, आणि तीन वर्षांत लार्जकॅपसाठीही हे उत्तर ०.८७च्या पुढे जात नाही.