क्रिकेट-समालोचनातील 'चीत'-घटित शब्द

क्रिकेटची परिभाषा मराठीत आणताना केवळ अर्थ जुळवून भागत नाही. नभोवाणीवरील समालोचन ऐकणाऱ्या, नवेगाव बांधसारख्या दूरच्या गावातील श्रोत्यापुढे मैदान नसते. जे घडले ते शब्दातच घडावे लागते, आणि तेही पुढचा चेंडू पडण्यापूर्वी. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनातून जी परिभाषा श्रोत्यांच्या कानी रुळली, तिच्यातील 'चीत'-घटित शब्द या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

'चीत' हा कुस्तीच्या आखाड्यातील शब्द. पाठ जमिनीस टेकली की मल्ल चीत झाला, कुस्ती संपली. 'लेग बिफोर विकेट' याचे शब्दशः भाषांतर 'यष्टीपुढे पाय' असे झाले असते. त्यात स्थिती कळते, निकाल कळत नाही. 'पायचीत' हा शब्द नियमाचे वर्णन सोडून निकाल सांगतो. 'पायचीत', 'धावचीत' आणि 'यष्टिचीत' यांतील पूर्वपदांचे उत्तरपदाशी नाते सारखे नाही: पाय हे बाद होण्याचे कारण, धाव हा प्रसंग, तर यष्टी हे स्थान. तरीही श्रोता अडखळत नाही, कारण उत्तरपदाने निर्णय आधीच दिलेला असतो.

उच्चारकालाची कसोटी लावली, तर 'एल. बी. डब्ल्यू.' हे चार अवयवांचे, 'पायचीत' दोनच अवयवांचा. उलट 'बोल्ड' एका अवयवाचा, आणि 'त्रिफळाचीत' चार अवयवांचा. येथे मराठी मागे पडते. म्हणून ऐन क्षणी 'चीत' गळते आणि 'त्रिफळा उडाला!' एवढेच उरते. धावफलकाच्या वृत्तांतात मात्र पूर्ण शब्द निर्वेध चालतो.

वाक्यरचनेचाही प्रश्न आहे. इंग्रजी समालोचक वर्तमानकाळ वापरतो. त्याचे अनुकरण करून 'गोलंदाज चेंडू टाकीत आहे, फलंदाज पुढे येत आहे' असे म्हटल्यास वाक्य चेंडूच्या मागे राहते. 'चेंडू टाकला, वळला, बॅटला चुकवून गेला, आणि त्रिफळा उडाला' या रचनेत प्रत्येक भूतकाळी क्रियापद एक क्रिया पुरी करते, आणि अंत्य 'ला' ठेका धरतो. क्रियापद शेवटी येण्याची मराठीची रीत येथे अडचण न होता उत्कंठा वाढविते.

संख्येवर आधारलेल्या शब्दाची मर्यादा 'षटक' या शब्दात दिसते. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत एका षटकात आठ चेंडू असत. त्यामुळे १९७७-७८ मधील भारतीय संघाच्या तेथील दौऱ्याचे वर्णन मराठीत करताना 'आठ चेंडूंचे षटक' असा वदतोव्याघात पत्करणे भागच होते. 'ओव्हर' या शब्दात संख्या नसल्याने इंग्रजीस ती अडचण नव्हती. 'चीत' मात्र नियमाच्या तपशिलाशी बांधलेला नाही. पायचीतच्या नियमात १९३५ नंतर वेळोवेळी बदल झाले, तरी शब्द बदलावा लागला नाही; कारण त्याने नियम नव्हे, परिणाम उचलला होता.