प्रत्येक चित्रफितीची वेगळी शिडी

डिसेंबर २०१५ मध्ये नेटफ्लिक्सच्या ॲन एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीचा वर्षानुवर्षं वापरातला एक तक्ता जाहीर केला आणि तो आता का मोडीत निघतोय, तेही सांगितलं. तक्त्यात दहा पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची सेकंदाला २३५ किलोबिट आणि ३२० × २४० पिक्सेलची, मध्ये १७५० किलोबिटला ७२० × ४८०ची आणि सगळ्यात वर ५८०० किलोबिटला १९२० × १०८०ची, म्हणजे फुल एचडी. कार्टून असो, मारधाडीचा चित्रपट असो की दोन माणसांच्या गप्पा, सगळ्यांना हीच शिडी. तेव्हापासून या विषयानं मला धरून ठेवलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरचा चित्रपट एका फाइलमधून येत नाही. त्याच्या अनेक आवृत्त्या आधीच तयार असतात आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. तुमच्या नेटचा वेग पाहून प्लेअर दर तुकड्याला ठरवतो की वरची पायरी मागायची की खालची. या आवृत्त्यांच्या संचाला ‘बिटरेट लॅडर’ म्हणतात.

आता त्या तक्त्यातलं दुखणं पाहू. नेटफ्लिक्सनं १०० कलाकृती निवडून त्यांचे बिटरेट आणि दर्जाचे आलेख काढले. दर्जा मोजायला पीएसएनआर हे डेसिबलमधलं माप होतं. साधारण ४५च्या वर चित्रातला बिघाड डोळ्यांना जाणवत नाही, ३५च्या खाली तो दिसू लागतो. काही कलाकृती २५०० किलोबिटच्या आतच ४५ला पोचल्या, तर काहींना ३८ गाठायलाही ८००० किलोबिटपेक्षा जास्त लागले. पहिल्यांना ५८०० किलोबिट देणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, आणि दुसऱ्यांना तेवढेही कमीच. ‘माय लिटल पोनी’ हे सपाट रंगांचं कार्टून फुल एचडीत १५०० किलोबिटवर नीट दिसू शकतं. जुन्या तक्त्यात तेवढ्या वेगाच्या प्रेक्षकाला १०५० किलोबिटच्या पायरीवरचं ६४० × ४८०चं चित्र मिळायचं.

आपल्याकडे रोजचा दीड जीबी डेटा पुरवून वापरणाऱ्या माणसासाठी हिशेब करून पाहा. ५८०० किलोबिटनं तो डेटा ३५ मिनिटांच्या आत संपतो. १५०० किलोबिटनं सव्वादोन तास पुरतो.

मग योग्य शिडी सापडते कशी? इथला आलेख मला या विषयातलं सगळ्यात देखणं चित्र वाटतं. एकच चित्रफीत घ्या आणि ती ४८०, ७२० आणि १०८० ओळींच्या रिझोल्यूशनला, दाबण्याची तीव्रता पायरीपायरीनं बदलत, अनेकदा एन्कोड करा. प्रत्येक प्रत पुन्हा १०८०ला ताणून मूळ चित्राशी ताडून पाहा, कारण प्रेक्षकाचा पडदाही तेच करतो. आडव्या अक्षावर बिटरेट आणि उभ्या अक्षावर दर्जा मांडला की तीन वक्र मिळतात.

४८०चा वक्र सुरुवातीला झपकन चढतो आणि मग आडवा पडतो. लहान करताना जो बारकावा गेला, तो कितीही बिट ओतले तरी परत येत नाही. १०८०चा वक्र उलट खालून निघतो. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये वीस लाखांवर पिक्सेल असतात. तुटपुंजे बिट एवढ्या पिक्सेलांत वाटले की चौकोनी ठोकळे दिसू लागतात. बिट वाढले की मात्र हा वक्र ४८०ला आणि मग ७२०लाही मागे टाकतो. वक्र जिथे एकमेकांना छेदतात, तिथे रिझोल्यूशन बदलायचं. सगळ्या वक्रांना वरून लपेटणारी रेषा काढली की ती त्या चित्रफितीची उत्तम शक्यता दाखवते, आणि शिडीच्या पायऱ्या त्या रेषेवरच हव्यात.

खरी गंमत छेदबिंदूंच्या जागेत आहे. कार्टूनमध्ये १०८०चा वक्र अगदी डावीकडेच इतरांना ओलांडतो. स्वीडिश टेलिव्हिजनची ‘क्राउड रन’ ही शर्यतीची चित्रफीत या क्षेत्रात सगळे वापरतात. त्यात शेकडो धावपटू आणि मागे पानांनी भरलेली झाडं. तिथे हाच बिंदू खूप उजवीकडे सरकतो, आणि मध्यम बिटरेटला ७२०च चांगलं दिसतं. म्हणून ‘फुल एचडी म्हणजे चांगलं’ ही समजूत मला पटत नाही. बिट अपुरे असतील तर कमी रिझोल्यूशनचं चित्र डोळ्यांना जास्त सुखावतं.

पायऱ्या किती आणि किती अंतरावर, हा पुढचा प्रश्न. दोन पायऱ्या इतक्या जवळ नकोत की प्रेक्षकाला फरकच कळू नये, आणि इतक्या लांब नकोत की प्लेअर खाली उतरला की धक्का बसावा. नेटफ्लिक्सनं अंतर डोळ्याला जेमतेम जाणवेल त्याच्या जरा आत ठेवलं. म्हणूनच सोप्या चित्रफितीला पायऱ्याही कमी लागतात. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’च्या एका भागाची फुल एचडी पायरी ५८००वरून ४६४० किलोबिटवर आली, म्हणजे २० टक्के बचत, आणि दर्जा तितकाच.

आता एक आडवळण. माझा एक मित्र गावोगावची कीर्तनं चित्रित करतो. कॅमेरा तिकाठीवर स्थिर, बुवा जवळपास एका जागी उभे. मला वाटलं, हे एन्कोडरला अगदी हलकं जाणार. त्याच्याकडे बसून आलेख काढला, तर तो खेळाच्या चित्रफितीसारखा निघाला. कारण मांडवातल्या अंधारात होतं. प्रकाश कमी म्हणून कॅमेऱ्यानं संवेदनशीलता वाढवली होती आणि साऱ्या चित्रावर बारीक कणांचा नाच चालला होता. हे कण दर फ्रेमला नवे असतात. मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखणं हे एन्कोडरचं मुख्य कसब, आणि तेच इथे निकामी होतं. त्यातच मागच्या पडद्यावर लुकलुकणारी दिव्यांची माळ. कण हलक्या हातानं गाळल्यावर वक्र झटकन वर सरकला. एन्कोडरच्या लेखी गुंतागुंत म्हणजे कथेची किंवा हालचालीची नव्हे, तर अंदाज न बांधता येणाऱ्या बदलाची. जुन्या फिल्मवरचे कण मात्र मी सरसकट गाळू देणार नाही. ते छायाचित्रकाराच्या कामाचा भाग असतात.

आणखी एक धोका सरासरीचा. दोन तासांच्या चित्रपटात शंभर मिनिटं संवाद आणि वीस मिनिटं पावसातली मारामारी असेल, तर सरासरी दर्जा उत्तम दिसतो आणि नेमक्या त्या वीस मिनिटांत ठोकळे उमटतात. म्हणून सरासरीबरोबर सगळ्यात वाईट फ्रेमांचे गुणही पाहायलाच हवेत. पीएसएनआर डोळ्यांच्या मताशी नेहमी जुळत नाही, म्हणून नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये व्हीमॅफ हे माप खुलं केलं. सरासरीचा सापळा त्यातही आहे. त्यावरचा उपाय २०१८ मध्ये आला. इओआनिस कात्साव्हुनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण चित्रपटाऐवजी एकेका शॉटसाठी वेगळा निर्णय घ्यायची पद्धत मांडली. शॉट बदलतो तिथे चित्र नाही तरी नव्यानंच सुरू होतं, त्यामुळे तिथे रिझोल्यूशन बदललं तरी खटकत नाही.

हे सगळं खर्चिक आहे. एका चित्रपटासाठी डझनावारी चाचणी एन्कोडिंग करायची, तर तो चित्रपट लाखो लोक पाहणार असतील तरच ते परवडतं. पाचशे प्रेक्षकांच्या चित्रफितीला त्याची गरज नाही. तिथे दर्जा ठरवून बिटरेट एन्कोडरवर सोपवावा आणि वरून फक्त कमाल मर्यादेचं कुंपण घालावं. सोपी चित्रफीत आपोआप लहान होते, अवघड मर्यादेपर्यंत जाते. माझ्या मते लहान निर्मात्यांसाठी हाच मार्ग योग्य. हे करणार असाल, तर आपल्या चित्रफितीतले सगळ्यात अवघड दहा सेकंद आधी शोधा, तेवढेच एन्कोड करून मोठ्या पडद्यावर डोळ्यांनी पाहा आणि मगच वरची मर्यादा ठरवा.