फ्लॅटमधले कुत्रे फिरवण्याचा व्यवसाय: गणित कुठे चुकतं?

पुण्यात वाकड-हिंजवडीकडे अनेक घरांत दोघंही नोकरीला जातात आणि कुत्रा दिवसभर फ्लॅटमध्ये असतो. म्हणून कुत्रे फिरवून आणणारा माणूस हवा असतो. अडचण वेळेची आहे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर कुत्र्यांचे पंजे भाजतात, त्यामुळे सकाळची फेरी ६ ते ९ मध्येच उरकावी लागते.

एका कुत्र्याला अर्धा तास धरला, तर तीन तासांत सहा कुत्रे होतात. पण प्रत्येक कुत्रा वेगळ्या सोसायटीत असेल आणि मध्ये १५ मिनिटं जात असतील, तर चारच होतात. म्हणून सुरुवात एकाच मोठ्या सोसायटीत करा. आधी रेबीज लसीची नोंद बघा. अनोळखी कुत्रे एकत्र नेऊ नका, लिफ्टमध्येच भांडण जुंपतं.