बोटावरची निळी पट्टी

हॉटेलच्या स्वयंपाकघरात कांदा चिरताना बोट कापलं, तर रक्त थांबवून भागत नाही. जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू वाढू शकतात. ते उकडलेल्या बटाट्यांत गेले आणि बटाटे तासन्‌तास कोमट राहिले, तर तिथे विष तयार होतं. पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतात, विष मात्र टिकतं. म्हणून जखम धुऊन, कोरडी करून त्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावायची आणि वर हातमोजा घालायचा. पट्टी निळी हवी, कारण निळे पदार्थ जवळपास नसतातच. ती सुटून पडली तर लगेच दिसते.

टोपीने केस गळून पडत नाहीत, शिवाय हातही सारखा डोक्याकडे जात नाही. वाढलेल्या नखांखाली आणि अंगठीखाली साबण नीट पोहोचत नाही. अंगठीचा खडा निखळून आमटीत पडला, तर खाणाऱ्याचा दातच तुटायचा.