टेपच्या यादीत जागा नाही

नवा फोन घेतला, की दुसऱ्या दिवशी तो गाडीच्या टेपला जोडायचा. (कॅसेट जाऊन कितीही वर्षे झाली तरी आपल्याकडे तो टेपच.) फोनवर गाडीचे नाव दिसते, त्यावर बोट टेकवले की चक्र फिरत राहते आणि शेवटी निरोप येतो की पेअरिंग झाले नाही, पिन किंवा पासकी चुकीची असावी. आता पिन तर कोणी विचारलेलाच नसतो! मग फोन बंद-चालू होतो, दुकानदाराला फोन जातो, फोन सदोष आहे असे घरात जाहीरही होते.

त्याच वेळी टेपच्या पडद्याकडे नीट पाहिले, तर बऱ्याचदा खरे कारण दोन-चार सेकंद तिथे चमकून गेलेले असते. पायोनियरच्या अनेक सेटवर अशा वेळी `DEVICE FULL` अशी अक्षरे येतात. त्यातल्या काही मॉडेलांत फक्त तीन फोनांची नोंद राहते. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा पाच-सहाची असते.

पेअरिंग म्हणजे नुसती ओळख नव्हे. त्या वेळी फोन आणि टेप मिळून 128 बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघेही ती आपापल्याकडे जपून ठेवतात. टेप त्या किल्लीशेजारी फोनचा ब्लूटूथ पत्ता आणि नाव लिहून ठेवतो. पुढच्या वेळी गाडी सुरू झाली, की या किल्लीवरूनच दोघे एकमेकांना ओळखतात. म्हणून रोज आकडे जुळवत बसावे लागत नाही. ही नोंद बॅटरी काढली तरी पुसली न जाणाऱ्या मेमरीत असते आणि तिथे ठरावीकच रकाने असतात.

एवढ्याशा नोंदीला जागा ती किती लागणार? काहीशे बाइट, म्हणजे एका छायाचित्राच्या तुलनेत नगण्य. खरी अडचण नोंदीबरोबर येणाऱ्या लवाजम्याची आहे. अनेक सेट प्रत्येक फोनमधले शेकडो संपर्क आणि कॉलची यादीही उतरवून घेतात. शिवाय गाडी सुरू होताच टेप नोंदीतल्या फोनांना एकेक करून हाका मारतो. ब्लूटूथच्या मूळ मांडणीत अशा एका हाकेची मुदत साधारण पाच सेकंदांची आहे. गाडीत नसलेल्या दहा फोनांना हाका मारत बसले, तर पन्नास सेकंद गेली आणि गाणे सुरू होईपर्यंत गाडी गल्लीबाहेर!

यादी भरल्यावर काही सेट सर्वांत जुनी नोंद पुसून नव्याला जागा देतात. काही मात्र सरळ नकार देतात. हा नकार त्रासदायक असला तरी अगदीच आडमुठा नाही, कारण मागच्या सीटवरच्या पाहुण्याने एका गाण्यासाठी फोन जोडला आणि त्यापायी मालकाचीच नोंद उडाली, तर तेही कोणाला आवडणार नाही.

सेकंड हॅन्ड गाडीत हा प्रकार हमखास दिसतो. समजा, पाच रकान्यांचा टेप आहे. त्यात विकणाऱ्याचा आधीचा फोन, त्याचाच नंतरचा फोन, बायकोचा, ड्रायव्हरचा आणि आवाज तपासताना गॅरेजवाल्याने जोडलेला, असे पाच झाले. माणूस एकच असला तरी त्याच्या दोन फोनांचे पत्ते वेगळे, म्हणून रकानेही दोन. विकणाऱ्याने फोनमधून गाडीचे नाव काढून टाकले असेल, पण त्याने काही साधत नाही. फोन आपल्याकडची किल्ली फेकतो, टेपमधली तशीच राहते. नव्या मालकाचा फोन सहावा ठरतो आणि दारातच अडतो.

दोष कुठे आहे, हे दोन मिनिटांत कळते. नवा फोन दुसऱ्या एखाद्या इअरफोनला जोडून पाहावा आणि घरातला जुना फोन टेपला लागतो का, तेही पाहावे. दोन्ही जमले, तर संशय यादीवर. मग गाडी उभी करावी, कारण चालत्या गाडीत अनेक सेट हा मेनू उघडूच देत नाहीत. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये नोंदलेल्या फोनांची यादी काढून एक अनोळखी नाव पुसावे. पायोनियरच्या बऱ्याच सेटवर हा पर्याय `DEL DEVICE` या नावाने सापडतो. एकाच मॉडेलचे नाव दोनदा दिसले, तर आपला सध्याचा फोन आधी जोडून घ्यावा. जो जोडलेला दिसत नाही तो जुना. चुकून चालू फोनच पुसला गेला, तर त्या फोनमधूनही गाडीचे नाव काढून नव्याने पेअरिंग करावे लागते, नाहीतर फोन आपली जुनी किल्ली पुढे करत राहतो.

आणि गाडी विकणार असाल, तर चावी देण्याआधी टेप फॅक्टरी रीसेट करा. तुमच्या फोनमधले संपर्क त्यात असू शकतात.