प्रयोगवहीचे लेखन (लेखांक सातवा) : तफावतीची रुजवात

गेल्या लेखांकात निरीक्षणांचा तक्ता पुरा झाला. आता त्याखालच्या 'चर्चा' या मथळ्याकडे वळावयाचे. त्रिकोणी लोलकाचा वक्रीभवनांक अपेक्षेपेक्षा निराळा आला, की बहुतेक विद्यार्थी मानवी चूक, उपकरणातील दोष आणि खोलीचे तापमान ही तीन नावे एका दमात लिहून मोकळे होतात. या तिघांपैकी कोणाकडे किती रकमेची बाकी आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. लोलक क्राऊन काचेचा असून सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी त्याचा वक्रीभवनांक १.५१७० असल्याचे पुरवठादाराच्या पत्रकात नमूद आहे. लोलककोन A बरोबर ६०° मिळाला आणि लघुतम विचलन D, स्पेक्ट्रोमीटरच्या दोन्ही व्हर्नियरांची सरासरी घेऊन, ३८°५५′ आले. n = sin((A+D)/2) / sin(A/2) या सूत्राने उत्तर १.५१९९ येते, म्हणजे तफावत ०.००२९ इतकी.

ही रक्कम शेकडेवारीत पाहिली तर ०.२ टक्के, आणि म्हणून क्षुल्लक वाटते. परंतु चर्चा लिहिणाराने तिचे रूपांतर प्रथम कोनात करावे, कारण चूक जेथे होते ते ठिकाण वर्तुळाकार मापपट्टी हे आहे. या लोलकासाठी D मधील एका मिनिटाच्या फरकाने उत्तर सुमारे ०.०००२ ने बदलते. सबब आपल्याला हिशेब द्यावयाचा आहे तो १५ मिनिटांचा, आणि व्हर्नियरचे लघुतम माप तर एकच मिनिट! काचेचा वक्रीभवनांक तापमानाच्या एका अंशाने दशलक्षांश भागांच्या घरात बदलतो. तेव्हा तापमानावरील आरोप येथेच निकालात निघतो.

लोलक लघुतम विचलनाच्या स्थितीत नीट बसला नव्हता, हा दुसरा आरोप अधिक सभ्य आहे, आणि त्याची दिशाही जुळते. कारण त्या स्थितीपासून कोणत्याही बाजूस ढळले तरी विचलन वाढतेच, म्हणजे उत्तर मोठेच येते. परंतु लघुतमाजवळ हा फरक इतका मंद असतो, की आपाती कोन एका अंशाने चुकला तरी विचलन जेमतेम एका मिनिटाने वाढते. १५ मिनिटांसाठी तो सुमारे चार अंशांनी चुकावा लागेल, आणि लोलक फिरवताना फटीची प्रतिमा थांबून उलट फिरते ते ज्याने पाहिले, त्याच्या हातून इतके होणे कठीण. हे गणित चर्चेत दोन ओळींत अवश्य यावे.

मग तक्त्याकडेच परतावे लागते. लघुतम स्थितीत पहिल्या व्हर्नियरची नोंद २५७°२४′ आणि दुसऱ्याची ७७°२४′. समोरासमोरच्या दोन खिडक्यांत असावे तसे अंतर बरोबर १८०°. लोलक काढून दूरदर्शक सरळ प्रकाशावर धरला तेव्हाच्या नोंदी मात्र २१८°१४′ आणि ३८°४४′, म्हणजे अंतर १७९°३०′. पहिल्या खिडकीने विचलन ३९°१०′ दिले, दुसरीने ३८°४०′. मापपट्टीचे केंद्र किंचित सरकलेले असते तेव्हाही दोन खिडक्यांत फरक पडतो, पण तो सहसा काही मिनिटांचा असतो आणि सरासरीत मावळतो. येथे तो नेमका अर्ध्या अंशाचा, म्हणजे मुख्य पट्टीच्या एका घराचा आहे, आणि हा योगायोग मानणे भोळेपणाचे होईल. अंशाच्या लांब रेघांमधली अर्ध्या अंशाची आखूड रेघ नजरेतून सुटली, की नोंद ३०′ नी कमी पडते. २१८°४४′ च्या जागी २१८°१४′ लिहिले गेले असावे, असा तर्क म्हणून सयुक्तिक ठरतो.

येथे मोह मोठा असतो. पहिली खिडकी खोडून टाकली तर दुसरीवरून १.५१७० हे आकडे जसेच्या तसे हाती येतात, आणि पत्रकाशी जुळतात! पण जुळतात म्हणूनच ती खिडकी खरी, असे म्हणणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच पुराव्यात घालणे होय. दुसऱ्या खिडकीत अर्धा अंश जादा वाचला गेला असेल तर खरे विचलन ३९°१०′, आणि उत्तर १.५२२७. तक्ता चूक कोणत्या स्थितीतली ते सांगतो, कोणत्या खिडकीतली ते सांगत नाही. निवाडा हवा असेल तर, वर्तुळ हलविलेले नसल्यास, दूरदर्शक पुन्हा कॉलिमेटरच्या समोर आणून दोन्ही खिडक्या नव्याने वाचाव्यात. याला पाच मिनिटे लागतात. उपकरण आवरून ठेवले गेले असेल, तर नोंदीवर खाडाखोड न करता निष्कर्षात १.५१९९ च ठेवावे आणि चर्चेत असा मजकूर घालावा : 'सरळ प्रकाशाच्या स्थितीत दोन व्हर्नियरांचे अंतर १८०° ऐवजी १७९°३०′ भरते. पहिल्या व्हर्नियरची नोंद अर्ध्या अंशाने कमी असल्यास वक्रीभवनांक १.५१७० येतो, दुसऱ्याची तितकीच जास्त असल्यास १.५२२७. आखूड रेघ सुटण्याची शक्यता अधिक असल्याने पहिला पर्याय संभाव्य वाटतो. फेरवाचन झालेले नाही.'